विश्लेषण : ‘फक्त २५ रुपये भरा, पार्सल पुन्हा पाठवतो’... कुरियरचे बनावट ट्रॅकिंग पान ओळखायचे कसे?

‘तुमचे पार्सल आमच्या गोदामात पोहोचले आहे. दोनदा प्रयत्न करूनही अपुऱ्या पत्त्यामुळे ते देता आले नाही. ४८ तासांत पत्ता अद्ययावत करा, अन्यथा पार्सल परत जाईल.’ खाली एक दुवा. भारतीय टपाल खात्याच्या नावाने फिरणारा हा संदेश अनेकांच्या फोनवर येऊन गेला आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यपडताळणी विभागाने तो बनावट असल्याचे जाहीर केले. टपाल खाते पत्ता सुधारण्यासाठी असे संदेश पाठवत नाही, असेही स्पष्ट केले. तरीही संदेश येणे थांबलेले नाही. मागितलेली रक्कम इतकी किरकोळ असते, की तिच्यामागे मोठी फसवणूक असेल अशी शंकाच येत नाही. हा सापळा नेमका कसा चालतो आणि तो कुठे ओळखता येतो, याचा आढावा.

प्रकार नेमका काय आहे?

दुवा उघडला की टपाल खात्याचे किंवा एखाद्या कुरियर कंपनीचे बोधचिन्ह असलेले पान दिसते. त्यावर पार्सलचा क्रमांक असतो. ‘पार्सल पाठवले, केंद्रावर पोहोचले, वितरण अयशस्वी’ असे टप्पेही असतात. पुढे नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक विचारला जातो. त्यानंतर ‘पुनर्वितरण शुल्क’ म्हणून छोटी रक्कम भरायला सांगितले जाते आणि कार्डाचा तपशील मागितला जातो.

फोर्टिनेट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जुलै २०२४ मध्ये भारतीय टपाल खात्याच्या नावाने चाललेल्या अशाच मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दाखवलेल्या बनावट पानावर २५ रुपये २ पैसे शुल्क मागितलेले होते. जानेवारी ते जुलै २०२४ या काळात टपाल खात्याच्या संकेतस्थळाशी मिळतीजुळती ४७० हून अधिक नावे नोंदवली गेल्याचे या संशोधकांना आढळले. एक नाव बंद पडले की दुसरे वापरायचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे बनावट पत्त्यांची यादी पाठ करून उपयोग नाही. पान ओळखण्याची रीत कळणे महत्त्वाचे.

हा प्रकार भारतापुरता नाही. अमेरिकेत तिथल्या टपाल सेवेच्या, तर ब्रिटनमध्ये रॉयल मेलच्या नावाने असेच संदेश येतात. अशी पाने तयार करून देणारे साहित्य चक्क भाड्याने मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने ‘लाइटहाउस’ नावाच्या अशा संचामागील अज्ञात व्यक्तींविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. या संचाच्या जाळ्यात १२० हून अधिक देशांतील १० लाखांहून अधिक लोक सापडल्याचे गूगलचे म्हणणे आहे. म्हणजे संदेश पाठवणाऱ्याला संकेतस्थळ बनवता यावे लागत नाही. भाडे भरले की तयार पान मिळते. म्हणूनच ‘पान व्यवस्थित दिसत होते’ याला काही अर्थ उरत नाही.

मग २५ रुपयेच का मागतात?

कारण त्या २५ रुपयांत भामट्यांना रस नसतो. अनेकदा ती रक्कम खात्यातून वजाच होत नाही. छोट्या शुल्काची कामे दोन. पहिले म्हणजे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागच्या बाजूचा सीव्हीव्ही विचारायला निमित्त मिळते. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. फोनवर ओटीपी येणार आहे, याची वाचकाच्या मनाची तयारी झालेली असते. पैसे भरतोय म्हणजे ओटीपी येणारच, असे वाटून तो न वाचता टाकला जातो.

भारतात देशांतर्गत ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसऱ्या टप्प्याची खातरजमा लागते आणि ती बहुतेक वेळा ओटीपीने होते. म्हणून नुसता कार्ड क्रमांक चोरून इथे फारसे काही साधत नाही. ओटीपी हवाच असतो आणि तो काही मिनिटांतच वापरावा लागतो. त्यामुळे ही पाने नुसती माहिती साठवत नाहीत. तुम्ही टाइप केलेले आकडे पलीकडे बसलेल्याला त्याच क्षणी दिसतात. तो तेच आकडे दुसऱ्या एखाद्या खऱ्या विक्रेत्याच्या किंवा वॉलेटच्या पानावर भरतो. तुमची बँक त्या व्यवहारासाठी तुम्हाला ओटीपी पाठवते. तुम्ही तो बनावट पानावर टाकता आणि पलीकडचा तो खऱ्या पानावर टाकतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा आणखी एक प्रकार माहीत असावा. तिथे अनेकदा हा ओटीपी खरेदीसाठी नव्हे, तर चोरलेले कार्ड भामट्याच्या फोनमधील डिजिटल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी वापरतात. एकदा कार्ड जोडले गेले की पुढच्या खरेदीला नवा ओटीपी लागत नाही. म्हणून संदेशात ‘वॉलेटमध्ये कार्ड जोडण्यासाठी’ असे शब्द असतील, तर तो कोड कुठल्याही शुल्काचा असू शकत नाही.

पुन्हा पार्सल देण्याचे पैसे खरेच लागतात का?

बनावट पान ओळखण्याची सर्वांत भक्कम खूण पानावर नसून व्यवहारात आहे. आपण ऑनलाइन वस्तू मागवतो, तेव्हा कुरियर कंपनीचा ग्राहक विक्रेता असतो. आपण फक्त वस्तू घेणारे असतो. वस्तू पोहोचवण्याचे दर विक्रेता आणि कुरियर यांच्यात ठरलेले असतात. पार्सल देता आले नाही, तर कुरियरचा माणूस तशी नोंद करतो आणि साधारण दोन-तीनदा प्रयत्न होतो. तरीही जमले नाही तर वस्तू विक्रेत्याकडे परत जाते. तिचा हिशोब त्या दोघांत होतो. घेणाऱ्याने अनोळखी दुव्यावर २५ रुपये भरावेत, असा टप्पा या साखळीत कुठेच येत नाही.

टपालाचेही तसेच आहे. पोस्टमन आला आणि घर बंद असले, तर तो सूचनेची चिठ्ठी ठेवतो. वस्तू काही दिवस टपाल कार्यालयात राहते. तिथे ओळखपत्र दाखवून ती घेता येते.

घेणाऱ्याने पैसे द्यायचे असे प्रसंग मोजकेच आहेत. एक म्हणजे ‘वस्तू मिळाल्यावर पैसे’ हा पर्याय आपणच निवडलेला असतो तेव्हा. दुसरे म्हणजे परदेशातून आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क लागते तेव्हा. हा दुसरा प्रसंग थोडा फसवा आहे, कारण परदेशी पार्सल आणणाऱ्या खासगी कंपन्या सीमाशुल्काचा संदेश खरोखर पाठवतात. तिथे नियम एकच. संदेशातील दुव्यावर पैसे भरायचे नाहीत. पाठवणाऱ्याकडून मिळालेला क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन टाकायचा. शुल्क खरे असेल तर ते तिथेही दिसेलच.

संदेश कुठून आला, यावरून काय कळते?

बरेच काही. भारतात कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना ग्राहकांना एसएमएस पाठवायचे असतील, तर पाठवणाऱ्याचे नाव दूरसंचार कंपन्यांकडे नोंदवावे लागते. म्हणून असा एसएमएस दहा आकडी क्रमांकाऐवजी अक्षरांच्या नावाने येतो. मे २०२५ पासून या नावाच्या शेवटी एक अक्षरही जोडलेले असते. सेवेच्या संदेशाला S, व्यवहाराच्या संदेशाला T, जाहिरातीला P आणि सरकारी संदेशाला G. उदाहरणार्थ, नावाची ठेवण `VM-ABCDEF-S` अशी दिसते. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार, आधी नोंदवून मान्य न झालेले दुवे असलेले असे व्यावसायिक एसएमएस अडवले जातात.

या चाळणीमुळे भामटे दुसऱ्या वाटांनी येतात. साध्या दहा आकडी क्रमांकावरून, परदेशी क्रमांकावरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा आयफोनच्या आयमेसेजवरून. या वाटांना नोंदणीची ती चाळणी लागत नाही. टपाल खात्याच्या नावाचे बरेच संदेश आयमेसेजवरून आले आणि पाठवणाऱ्याच्या जागी मोफत मिळणारा ई-मेल पत्ता होता. टपाल खाते तुम्हाला जीमेल किंवा हॉटमेलच्या पत्त्यावरून निरोप धाडणार नाही, हे कळायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

आयफोनवर आणखी एक खूण दिसते. अनोळखी माणसाने आयमेसेजवर पाठवलेला दुवा दाबता येत नाही. ही फोनने केलेली सोय आहे. मात्र तुम्ही त्याला उत्तर दिले की तो दुवा सुरू होतो. म्हणून संदेशाच्या शेवटी ‘Y असे उत्तर द्या, संदेश बंद करून पुन्हा उघडा आणि मग दुवा दाबा’ अशी विनंती असते. पार्सल पोहोचवण्याशी या ‘Y’चा काहीही संबंध नाही. फोनचे कुलूप तुमच्याच हातून काढून घेण्याची ती युक्ती आहे. अशी विनंती दिसली की संदेश खोटा, एवढे धरून चालावे.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. नोंदवलेल्या नावाने आलेला संदेश म्हणजे शंभर टक्के सुरक्षित, असे नाही. चाळणीतून काही खडे निसटतात. पण पार्सलचे शुल्क मागणारा संदेश साध्या क्रमांकावरून किंवा ई-मेल पत्त्यावरून आला असेल, तर पुढे वाचण्याचीही गरज नाही.

पानाचा पत्ता कसा वाचायचा?

आपण टपालाचा पत्ता लिहितो तेव्हा लहानाकडून मोठ्याकडे जातो. घर क्रमांक, गल्ली, गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा. संकेतस्थळाचे नावही तसेच असते. मालक कोण, हे शेवटच्या भागावरून ठरते, सुरुवातीच्या नव्हे. ठाण्यातल्या एखाद्या इमारतीला ‘कोल्हापूर भवन’ नाव दिले म्हणून ती कोल्हापुरात जात नाही. भामटे हेच करतात. ओळखीचे नाव पुढे लावतात आणि खरा मालक मागे दडवतात.

खालील तीन पत्ते पाहा. पहिला टपाल खात्याचा खरा पत्ता आहे. उरलेले दोन नमुने आहेत. त्यांत मुद्दाम `example` हा कुणालाही न मिळणारा शेवट वापरला आहे. प्रत्यक्षात तिथे `top`, `xyz`, `vip` असे काहीही असू शकते.

```
https://www.indiapost.gov.in/
https://indiapost.gov.in-parsel.example/track
https://indiapost.gov.in.parsel.example/track
```

वाचण्याची रीत अशी. `https://` सोडून द्या. त्यानंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडे काय आहे, ते पाहा. पहिल्या पत्त्यात रेघेला चिकटून `gov.in` आहे. हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. दुसऱ्या पत्त्यात `gov.in` दिसते खरे, पण त्याच्यापुढे टिंब किंवा तिरकी रेघ नसून आडवी रेघ आहे. म्हणून मालकाचे नाव `in-parsel.example` असे होते. तिसऱ्यात `gov.in` नंतर टिंब आहे, पण तिथे पत्ता संपत नाही. पुढे `parsel.example` येते आणि तेच मालकाचे नाव. दोन्ही पत्त्यांचा टपाल खात्याशी संबंध नाही.

फोनवर अडचण अशी, की पडदा अरुंद असल्याने लांब पत्ता पुरता दिसत नाही. `indiapost.gov.in` एवढेच दिसते आणि पुढचा भाग कापला जातो. म्हणून वरच्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून पाहावा. समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमध्येच पान उघडले असेल, तर पत्ता आणखी दडलेला असतो. अशा पानावर काहीही भरू नये.

खासगी कंपन्यांबाबत `gov.in` सारखी सरकारी हमी नसते. ब्लू डार्टचे संकेतस्थळ `bluedart.com`, डेल्हिव्हरीचे `delhivery.com` आहे. पण त्याआधी किंवा नंतर एखादा शब्द जोडून नवे नाव कोणीही घेऊ शकतो. त्यामुळे ‘नावात कंपनीचे नाव आहे’ हे पुरेसे नाही. तिरक्या रेघेच्या डावीकडे तेवढेच नाव असायला हवे, एक अक्षरही जास्त नको.

कुलपाचे चिन्ह आणि ट्रॅकिंग क्रमांक खऱ्याचा पुरावा नाही का?

नाही. पत्त्याजवळचे कुलूप किंवा `https` एवढेच सांगते, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. त्यासाठीचे प्रमाणपत्र मोफत मिळते आणि भामटेही ते घेतात.

ट्रॅकिंग क्रमांकाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो उपयोगी पडू शकतो. स्पीड पोस्ट किंवा नोंदणी टपालाचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. भारतातून पाठवलेल्या वस्तूवर शेवटी `IN` असते. अमेरिकेतून टपालाने आलेल्या वस्तूवर `US`, ब्रिटनमधून आलेल्यावर `GB`. बनावट संदेशात अनेकदा क्रमांकच नसतो किंवा भलत्याच ठेवणीचा असतो. मात्र ठेवण बरोबर असली तरी तो क्रमांक खरा असेलच असे नाही. तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहिल्यावरच कळते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. घरातले कोणी तरी म्हणते, ‘दुवा मला पाठव, मी लॅपटॉपवर बघतो.’ तिथे पान उघडत नाही, रिकामे दिसते किंवा चूक दाखवते. मग ‘काही नाही, बंद पडलेले दिसतेय’ असा निष्कर्ष निघतो. अशा अनेक संचांत पान फक्त मोबाइलवर दिसेल, अशी व्यवस्था असते. संगणकावरून तपासणाऱ्यांना ते सापडू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे लॅपटॉपवर काही न दिसणे हा निर्धोकपणाचा पुरावा होत नाही.

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने...

समजा, साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षिकेने दिवाळीसाठी मुलीला साडी पाठवली आहे आणि मुलीकडूनही काही येणार आहे. शनिवारी सायंकाळी त्यांना ‘अपुरा पत्ता’ असा संदेश येतो. पार्सलची वाट पाहत असल्याने तो त्यांना अगदी वेळेवर आल्यासारखा वाटतो. भामट्यांना त्यांच्या पार्सलची काहीच माहिती नसते. हजारो लोकांना एकच संदेश गेला, की त्यातल्या काहींचे पार्सल वाटेत असतेच.

पान उघडते. बाईंना आपला पत्ता पूर्ण भरावा लागतो. इथे पहिली विसंगती आहे. पार्सल त्यांच्या नावाचे असेल, तर नाव आणि निम्मा-अर्धा पत्ता तरी कुरियरकडे असायला हवा. पानाला काहीच माहीत नाही, ते सगळे त्यांच्याकडूनच विचारून घेते.

पुढे २५ रुपये २ पैसे शुल्क येते. यूपीआयचा पर्याय नाही, फक्त कार्ड. ही दुसरी विसंगती. चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड असताना २५ रुपयांसाठी फक्त कार्डच का हवे? कारण यूपीआयमध्ये रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव बाईंच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दिसले असते आणि पिनही तिथेच टाकला गेला असता. पलीकडच्याच्या हाती काही लागले नसते. अर्थात काही पानांवर यूपीआयही असते. तेव्हा पिन टाकण्याआधी अ‍ॅपमध्ये दिसणारे नाव आणि रक्कम पाहायची.

कार्डाचे आकडे भरल्यावर पानावर चक्र फिरत राहते. ‘बँकेशी संपर्क साधत आहोत, पान बंद करू नका.’ हा वेळ पलीकडचा माणूस दुसरीकडे व्यवहार सुरू करण्यासाठी वापरतो. मग बाईंच्या फोनवर बँकेचा खरा संदेश येतो. त्यात ओटीपी असतो आणि त्याबरोबर लिहिलेले असते, की ४८,६०० रुपयांच्या अमुक विक्रेत्याकडील व्यवहारासाठी हा ओटीपी आहे. संपूर्ण प्रकरणात भामट्याला बदलता न येणारी ही एकच गोष्ट. हा संदेश बँक पाठवते आणि त्यातली रक्कम खरी असते. पण फोन ओटीपी आपोआप सुचवतो, वरच्या पट्टीत फक्त सहा आकडे दिसतात आणि रक्कम वाचलीच जात नाही.

बाई ओटीपी टाकतात. पान म्हणते, ‘ओटीपी चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा.’ दुसरा ओटीपी येतो. तो दुसऱ्या व्यवहाराचा असतो. खरा ओटीपी नीट टाकूनही ‘चुकीचा’ म्हटले जात असेल, तर तिथेच हात थांबवायला हवा. पहिला व्यवहार तेव्हा होऊन गेलेला असतो. निदान दुसरा वाचतो.

दुवा दाबला गेला, तर काय करायचे?

किती पुढे गेलात, त्यावर ते अवलंबून आहे. फक्त पान उघडले आणि काही भरले नाही, तर ते बंद करावे. काही डाउनलोड झाले असेल तर ते उघडू नये. नाव-पत्ता-मोबाइल क्रमांक दिला असेल, तर पैसे गेलेले नसतात. पण पुढच्या काही दिवसांत ‘कुरियर कार्यालयातून’ किंवा ‘बँकेतून’ तुमचे नाव-पत्ता सांगणारा फोन येऊ शकतो. तुम्हीच दिलेली माहिती तुम्हाला ऐकवून विश्वास मिळवला जातो.

कार्डाचा तपशील दिला असेल, तर ओटीपी दिला नसला तरी कार्ड लगेच बंद करावे. परदेशी विक्रेत्यांकडील सर्वच व्यवहारांना ओटीपी लागतो असे नाही, हे यामागचे कारण. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड तात्पुरते किंवा कायमचे बंद करण्याची सोय असते. तिथेच परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे ही सोय बँकांना द्यावी लागली. परदेशी व्यवहार लागत नसतील, तर ते आधीच बंद असलेले बरे.

पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. तक्रारीत व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव लागते, म्हणून बँकेचा संदेश पुसू नये. इथून तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे जिथे पोहोचले असतील तिथे ते अडवण्याचा प्रयत्न होतो. ते काढून घेतले गेले किंवा त्यांची वस्तू विकत घेऊन झाली, की मार्ग अवघड होतो. सोमवारी बँक उघडण्याची वाट पाहणे महागात पडते.

पैसे बँक भरून देते का?

इथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतच पडतो. पण ग्राहकाने स्वतःच कार्डाचा तपशील किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर तो निष्काळजीपणात धरला जातो. तेव्हा बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर झालेला तोटा मात्र बँकेचा.

बनावट पानावर ओटीपी टाकणे बँका सहसा या दुसऱ्या प्रकारात बसवतात. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. त्यामुळे तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक व वेळ जपून ठेवावी. साताऱ्याच्या बाईंच्या उदाहरणात पहिला व्यवहार ७ वाजून ५० मिनिटांनी झाला, त्यांनी बँकेला ८ वाजता कळवले आणि तिसरा व्यवहार सव्वाआठला झाला, तर त्या तिसऱ्याची जबाबदारी बँकेवर येते. तक्रारीची वेळ नोंदलेली नसेल तर हे दाखवणार कसे?

पैसे गेले नसतील तरी संदेश कळवावा का?

जरूर. केंद्र सरकारच्या `sancharsaathi.gov.in` या संकेतस्थळावर ‘चक्षू’ ही सुविधा आहे. संशयास्पद एसएमएस, फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश तिथे नोंदवता येतो. पैसे गेलेले असतील तर मात्र चक्षू नव्हे, १९३०.

आणि पार्सलची खरोखर वाट पाहत असाल, तर संदेशातला दुवा न दाबताही उत्तर मिळते. जिथून वस्तू मागवली त्या अ‍ॅपमधील ऑर्डर उघडावी किंवा पाठवणाऱ्याला पावतीवरचा क्रमांक विचारावा. टपालाने येणारे असेल तर `indiapost.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप करून तो क्रमांक तिथे टाकावा, किंवा टपाल खात्याच्या १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. कुरियरचा दूरध्वनी क्रमांकही शोधयंत्रात दिसलेला पहिला घेऊ नये. तिथेही बनावट ग्राहक सेवा क्रमांक टाकलेले असतात. पार्सल खरे असेल तर या मार्गाने ते सापडेल. सापडले नाही, तर त्या २५ रुपयांच्या मागे कुठले पार्सलच नव्हते.